सहा गुणिले पंचेचाळीस

गोंदियातून कोणत्याही रस्त्याने बाहेर पडा, राइस मिल लागतेच. पत्र्याचे उंच छप्पर, छपरातून वर डोके काढलेले एलिव्हेटर, मागे तुसाचा ढीग. पूर्वी या गिरण्या बुटक्या असत. आता उसन्या तांदळाची यंत्रे आली, वाळवणीचे टॉवर आले. जमीन महाग झाली तसे धान आडवे पसरण्याऐवजी उभे रचले जाऊ लागले. वीस टन धान जमिनीवर असते तेव्हा त्याची काळजी उंदरांपुरती असते. तेच धान दहा मीटर उंचीवर लोखंडी टाकीत गेले की ते कशावर टांगले आहे, हा प्रश्न येतो.

अशाच एका गिरणीच्या विस्ताराचे हिशेब काही काळापूर्वी माझ्याकडे तपासायला आले. गिरणी कोणाची आणि हिशेब कोणाचे, याला इथे महत्त्व नाही. सरकारी कामांत याला प्रूफ चेकिंग म्हणतात, खासगीत पीअर रिव्ह्यू. काम एकच, दुसऱ्याने केलेले डिझाइन तिसऱ्याने बघायचे. जाडजूड बाड होते. खांब, तुळया, पर्लिन, पाया, सगळ्यांची पाने रंगीत आणि बिनचूक. जोडांना मात्र बाडाच्या शेवटी दोन पाने मिळाली होती. त्यातल्या धानाच्या टाकीच्या ब्रॅकेटला एक ओळ होती:

सहा बोल्ट, २० मिलिमीटर, ग्रेड ४.६. एका बोल्टची क्षमता ४५.३ किलोन्यूटन. सहा गुणिले ४५.३ म्हणजे २७२. येणारा भार ९०. गुणोत्तर ०.३३. सुरक्षित.

या ओळीतला प्रत्येक आकडा बरोबर आहे, हे आधीच सांगतो. टाकीत वीस टन धान, टाकीचे स्वतःचे वजन चार टन, एकूण चोवीस टन, म्हणजे ढोबळमानाने २४० किलोन्यूटन. ते चार ब्रॅकेटवर वाटले की प्रत्येकी ६०, आणि दीडचा गुणक लावून ९०. आयएस ८००:२००७ मध्ये बोल्टच्या कातर क्षमतेचे सूत्र आहे. २० मिलिमीटरच्या बोल्टचे आट्यांपाशी उरणारे क्षेत्रफळ २४५ चौरस मिलिमीटर धरून त्यातून ४५.३ हा आकडा येतो. तो आमच्या धंद्यात पाढ्यासारखा पाठ असतो. गुणाकारही चुकलेला नाही. तरी हा जोड नापास आहे, आणि तोही थोडाथोडका नाही.

माझी नजर त्या ओळीवर अडली ती आकडेमोडीमुळे नाही, ०.३३ मुळे. त्याच बाडात खांबांची गुणोत्तरे ०.८८, ०.९१ अशी होती. तुळया ०.९४ पर्यंत ताणलेल्या होत्या. गिरणीवाला किलोकिलोचा हिशेब ठेवतो, डिझाइन करणाराही त्याच दाबाखाली असतो, त्यामुळे सगळे सदस्य असे घासून बसवलेले असतात आणि त्यात वावगे काही नाही. मग जोडच एवढे उदार का? जिथे सगळे घर कंजूष आहे तिथे एका खोलीत तिप्पट सढळपणा दिसला, तर तिथे काहीतरी मोजायचेच राहून गेले आहे असे समजावे. तपासणाऱ्याने गुणोत्तरांच्या तक्त्यावरून वाचताना एकच्या वरचे आकडे शोधायचे असतात, असा समज आहे. एकच्या वरचे आकडे कोणी पाठवतच नाही. शोधायचे असतात ते अवाजवी लहान आकडे.

आता नकाशा काढला. खांब आयएसएचबी २५०. त्याच्या एका फ्लँजवर दहा मिलिमीटरची ब्रॅकेट प्लेट सपाट बसवलेली, सहा बोल्टने आवळलेली. बोल्ट दोन उभ्या रांगांत, प्रत्येकी तीन. दोन रांगांत १०० मिलिमीटर अंतर, वरखाली ८०. प्लेट फ्लँजच्या बाहेर एका बाजूला निघते आणि टाकीचा पाय त्या बाहेर आलेल्या भागावर टेकतो. बोल्टांच्या मध्यापासून टाकीच्या पायापर्यंत २५० मिलिमीटर. हे माप नकाशावर होते. हिशेबात ते कुठेच नव्हते.

धानाचे पोते हमाल पाठीवर, मणक्याला लागून घेतो. त्याच हमालाला तेच पोते हात लांब करून धरायला सांगा. पोत्याचे वजन वाढलेले नसते, पण खांदा निखळायला येतो. ब्रॅकेटचे तसेच आहे. ९० किलोन्यूटन खाली ओढतात, आणि २५० मिलिमीटर लांबून ओढत असल्यामुळे प्लेटला फिरवायलाही बघतात. ही फिरवणारी ताकद ९० गुणिले ०.२५, म्हणजे २२.५ किलोन्यूटन मीटर. तिला आवर घालायचे काम त्याच सहा बोल्टांचे. कातर तर ते घेतातच, शिवाय प्लेट फिरू नये म्हणून मध्याभोवती रिंगण धरून उभे राहतात. जो बोल्ट मध्यापासून जितका दूर, त्याच्यावर तितका जास्त भार.

हातानेच करून बघितले. बोल्टग्रुपचा हिशेब पाच मिनिटांचा आहे आणि तो तपासणाऱ्याने स्वतःच्या हाताने करावा, समोरच्याच्या स्प्रेडशीटमध्ये आकडे बदलून नव्हे. मध्यापासून प्रत्येक बोल्टच्या अंतराचा वर्ग काढायचा आणि सहांची बेरीज करायची. इथे ती ४०,६०० येते. कोपऱ्यातला बोल्ट मध्यापासून आडवा ५० आणि उभा ८० मिलिमीटरवर आहे. फिरवणाऱ्या ताकदीमुळे त्याच्यावर आडवा भार येतो ४४.३ आणि उभा २७.७. सरळ वाटणीचा उभा भार ९० भागिले ६ म्हणजे १५. ज्या बाजूला टाकी आहे त्या बाजूच्या कोपऱ्यांत दोन्ही उभे भार एकाच दिशेने खाली असतात, म्हणून ते मिळतात: ४२.७. आडवा ४४.३ आणि उभा ४२.७ यांचा काटकोनातला परिणामी भार ६१.६ किलोन्यूटन.

क्षमता ४५.३, मागणी ६१.६. गुणोत्तर १.३६.

०.३३ चे १.३६ झाले, चौपटीहून जास्त. भार तोच, बोल्ट तेच, सूत्रही तेच. मधल्या २५० मिलिमीटरला हिशेबात जागा मिळाली, एवढाच फरक.

इथे एक प्रामाणिक आक्षेप घेता येईल, आणि तो घेतला गेलाही. हा लवचिक पद्धतीचा हिशेब आहे. प्रत्यक्षात कोपऱ्यातला बोल्ट जरा दमला की बाकीचे भार उचलतात, त्यामुळे बोल्टग्रुपची अखेरची ताकद या हिशेबाने दिसते त्यापेक्षा बरी असते. खरे आहे. प्लेट कोणत्या तात्कालिक केंद्राभोवती फिरते ते शोधून केलेला हिशेब थोडा मोकळा निघतो. पण ती सवलत मागायची तर तो हिशेब करून मागावी. "प्रत्यक्षात चालते" हा हिशेब नव्हे. शिवाय या जोडाच्या बाबतीत सवलतीपेक्षा तोटेच जास्त होते. टाकीचे वजन चार पायांवर समान वाटले जाईल हेही गृहीतकच. टाकी ताठ असते. चारातले एक ब्रॅकेट दोन-तीन मिलिमीटर खाली बसले, तर टाकी कर्णावरच्या दोन ब्रॅकेटवर डुलते, आणि तिसऱ्या-चौथ्याच्या वाट्याचे वजनही त्या दोघांवर जाते. तीन पायांच्या स्टुलाला हा त्रास नाही, चार पायांच्या खाटेला आहे, हे आपल्याकडे लहान पोरालाही कळते. त्यात धान टाकीत नेमके मध्यावर पडत नाही. एलिव्हेटरची चूट एका बाजूने येते, आणि ढीग त्या बाजूला उंच होतो.

बोल्टग्रुपची गोष्ट एवढीच. ती सापडली, कारण निदान ओळ तरी लिहिलेली होती. चुकीची का होईना, पण होती. दुसरी उणीव सापडायला वेळ लागला, कारण तिथे ओळच नव्हती.

जी गोष्ट लिहिलीच नाही ती तपासायची कशी? बाडाची पाने क्रमाने उलटली तर कधीच सापडत नाही. मी एक जुनी सवय पाळतो: बाड बाजूला ठेवतो, नकाशाची छापील प्रत टेबलावर पसरतो, लाल पेन्सिल घेतो आणि भाराच्या मागे निघतो. धान टाकीत, टाकीचा पाय ब्रॅकेटवर, ब्रॅकेटचे बोल्ट, बोल्टांपासून खांब, खांबापासून बेसप्लेट, तिथून अँकर बोल्ट, मग पाया. प्रत्येक टप्प्यावर थांबून बाडात त्या टप्प्याचे पान शोधायचे. पान असेल तर टिक, नसेल तर नकाशावर गोल. वजनासाठी ही फेरी एकदा, वाऱ्यासाठी पुन्हा एकदा. वाऱ्याची फेरी बहुतेक जण मारत नाहीत.

वजनाच्या फेरीत पहिला गोल खांबावरच आला. ब्रॅकेटने बोल्टांना दिलेली ती २२.५ ची फिरवणी बोल्टांपाशी संपत नाही, ती खांबात उतरते. तीही खांबाच्या कमकुवत दिशेने, कारण प्लेट फ्लँजच्या पातळीत बाहेर निघते. शिवाय प्लेट एकाच फ्लँजवर आहे, म्हणजे खांबाच्या मध्यापासून १२५ मिलिमीटर पुढे, त्याची वाकवणी वेगळी. खांबाच्या हिशेबात मात्र ९० किलोन्यूटन नेमके खांबाच्या मध्यातून खाली जात होते. ते ०.८८ याच गृहीतकावर उभे होते. ब्रॅकेटवाल्याने म्हटले, माझा भार खांबाला दिला. खांबवाल्याने म्हटले, मला भार मिळाला. मधली फिरवणी दोघांनीही घेतली नाही. वारस नोंदीत राहून गेलेल्या जमिनीसारखी ती कोणाच्याच सातबाऱ्यावर नव्हती.

वाऱ्याची फेरी अधिक गमतीची निघाली. टाकीचा वरचा तीनेक मीटर भाग छपराच्या वर येतो. त्यावर वाऱ्याचा आडवा जोर हिशेबाने १८ किलोन्यूटन, गुणक लावून २७. हे २७ मॉडेलमध्ये टाकीच्या पायांतून छपराच्या पातळीवर येतात आणि दोन गाळे पलीकडे असलेल्या उभ्या ब्रेसिंगमधून जमिनीत जातात. मॉडेलमध्ये ते सुरळीत पोचत होते. कसे, ते एका खुणेने कळले. छपराच्या पातळीवरचे सगळे नोड 'रिजिड डायफ्राम' म्हणून एकत्र बांधलेले होते.

ज्यांना सवय नाही त्यांच्यासाठी सांगतो. काँक्रीटचा स्लॅब असला की त्या मजल्याचे सगळे खांब एका ताठ थाळीला जोडल्यासारखे एकत्र हलतात. म्हणून संगणकाला तसे सांगायची सोय असते. स्लॅबच्या इमारतीत ते रास्त आहे. इथे स्लॅब नव्हता. पर्लिनवर स्क्रूने बसवलेला पत्रा होता. त्याला थाळी म्हणायचे म्हणजे गाळणीला परात म्हणण्यासारखे. आणि नकाशावर छपराच्या पातळीतले आडवे ब्रेसिंग फक्त टोकाच्या गाळ्यात होते, टाकीच्या गाळ्यात नव्हते. टाकीचा गाळा आणि ब्रेसिंगचा गाळा यांच्यामध्ये प्रत्यक्ष लोखंड होते ते दोन झेड पर्लिनचे. त्या दोन मिलिमीटर जाडीच्या पत्र्याच्या, क्लीटला १२ मिलिमीटरच्या दोन बोल्टांनी जोडलेल्या, आणि उभारणी सोपी जावी म्हणून भोके लांबट ठेवलेली. पर्लिनचे काम पत्र्याचे वजन घेणे. २७ किलोन्यूटन दाबात नेण्यासाठी तिला कोणी विचारलेले नव्हते. ती किती नेऊ शकते, याचेही पान नव्हते. बोल्टांपेक्षा इथे पातळ पत्रा आधी फाटेल, आणि लांबट भोकात बोल्ट टेकेपर्यंत छप्पर काही मिलिमीटर फुकट सरकेल, हे मी मार्जिनमध्ये लिहिले.

एवढे दिसल्यावर बाकीचे शेरे किरकोळ होते. सात टिप्पण्या झाल्या. त्या लिहिताना मी एक पथ्य पाळतो. "जोड पुन्हा तपासावेत" असा मोघम शेरा लिहायचा नाही. असल्या शेऱ्याला उत्तरही "तपासले, सुरक्षित" असेच येते आणि दोघांचेही भागते. नकाशा क्रमांक, जोडाची खूण, कोणता भार, कुठून कुठे, कुठे तुटतो आणि माझ्या हिशेबाने आकडा किती, एवढे प्रत्येक टिप्पणीत असले की समोरच्याला उत्तर द्यावेच लागते. पण उपाय मात्र लिहायचा नाही. मी लिहिले की "आठ बोल्ट घाला", तर डिझाइन माझे झाले आणि तपासायला कोणी उरले नाही.

पहिले उत्तर आठवड्याने आले. पहिल्या टिप्पणीपुढे: "जोडाचे डिझाइन सॉफ्टवेअरनुसार. आउटपुट जोडले आहे." सोबत चाळीस पाने. ती चाळली. सॉफ्टवेअरने ब्रॅकेट तपासलेच नव्हते, कारण मॉडेलमध्ये ब्रॅकेट नव्हतेच. तिथे टाकीचा पाय थेट खांबाच्या रेषेवर एका नोडला टेकला होता. संगणकात सगळे सदस्य रेषा असतात आणि सगळ्या रेषा एका बिंदूत भेटतात. बिंदूला लांबी नसते, त्यामुळे २५० मिलिमीटरही नसतात. जोड म्हणजे नेमका तो बिंदू, जो मॉडेलमध्ये शून्य आकाराचा असतो आणि गिरणीत दोन माणसांना उचलावा लागतो. सदस्यांचे डिझाइन संगणक करतो, म्हणून ते बरे असते. जोड माणसाला करावे लागतात, म्हणून ते शेवटच्या दोन पानांत येतात. फॅब्रिकेशनवाल्याला मात्र पहिल्या दिवशी हवी असते ती नेमकी तीच दोन पाने.

हा प्रकार काही गोंदियाची मक्तेदारी नाही. १७ जुलै १९८१ रोजी अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीत हयात रीजन्सी हॉटेलचे टांगते पूल कोसळले आणि ११४ माणसे गेली. दुसऱ्या आणि चौथ्या मजल्यावरचे पूल एकाखाली एक होते. मूळ नकाशात दोन्ही एकाच लांब सळईला, आपापल्या नटवर अडकवलेले होते. ती लांब सळई उभारायला अवघड, म्हणून तिचे दोन तुकडे केले गेले: वरची सळई छतापासून चौथ्या मजल्याच्या पुलापर्यंत, खालची त्या पुलापासून दुसऱ्या मजल्यापर्यंत. बदल दिसायला क्षुल्लक. पण आधी चौथ्या मजल्याच्या नटवर एका पुलाचे वजन होते, आता दोन्हींचे आले. दोरीला दोघे लटकणे वेगळे, आणि दोरीला लटकलेल्याच्या पायाला दुसऱ्याने लटकणे वेगळे. त्या जोडाचा हिशेब कोणीच केलेला नव्हता. चौकशीत असेही निघाले की मूळ एकसंध सळईचा जोडसुद्धा तिथल्या नियमांत बसत नव्हता. लाल पेन्सिल घेऊन चौथ्या मजल्याच्या नटपाशी कोणी थांबले असते तर दोन पुलांची बेरीज तिथेच दिसली असती.

आणि केवळ तपासणारा नेमला म्हणून भागते असेही नाही. मायामीत १५ मार्च २०१८ रोजी विद्यापीठाजवळचा पादचारी पूल बांधकाम चालू असताना कोसळला, सहा जण गेले. तो काँक्रीटचा होता, पण गेला तो जोडापाशीच, तिरका सदस्य आणि तळाचा स्लॅब जिथे भेटतात तिथे. त्या डिझाइनला स्वतंत्र तपासणाऱ्याची सही होती. चौकशी मंडळाने नोंदवले की मूळ डिझाइनमध्ये त्या जोडावरचा भार कमी आणि ताकद जास्त धरली गेली होती आणि तपासणाऱ्यालाही ते दिसले नाही. त्याने सांध्यांची ताकद तपासली नव्हती, आणि बांधकामाचे मधले टप्पे त्याच्या तपासणीत नव्हतेच. पूर्ण झालेला पूल त्याने बघितला. पण पूल पूर्ण होण्याआधीच पडला.

म्हणून आपल्याकडच्या कार्यादेशांत 'संपूर्ण डिझाइनची तपासणी' अशी जी ओळ असते तिचे मला भय वाटते. संपूर्ण म्हणजे काय, हे दोघांपैकी कोणीच विचारत नाही. मोबदला कामाच्या किमतीच्या टक्क्यात ठरतो, मुदत सात दिवसांची, त्यातले चार दिवस नकाशे मिळण्यात जातात. अशा वेळी माणूस खांब-तुळयांचे रंगीत तक्ते तपासतो, कारण ते तपासायला सोपे आणि तपासल्यासारखे दिसायलाही सोपे. मी एक बदल केला आहे. माझ्या कार्यादेशात जोडांची यादी मागतो: कोणते जोड मूळ अभियंत्याने करायचे, कोणते फॅब्रिकेशनवाल्याच्या डिटेलरने, आणि दुसऱ्या गटातले माझ्याकडे येणार की नाही. अर्ध्या वेळा ही यादी मागितली की फोन येतो, "ते सगळं शॉपवालेच बघतात." हयातच्या नटबद्दलही साधारण हेच झाले होते. अभियंत्याला वाटले जोड फॅब्रिकेटर करील, फॅब्रिकेटरला वाटले ते अभियंत्याने केलेच आहे.

आमच्या गिरणीचे दुसरे उत्तर मात्र चांगले आले. डिझाइन करणारा मुलगा स्वतः फोनवर बोलला. "सर, मी एक्सेंट्रिसिटी सोडली. ती शीट सिंपल कनेक्शनची होती, तीच इथे वापरली." एवढे सरळ उत्तर मला ज्येष्ठांकडून क्वचितच मिळते. त्याने आधी सहाच बोल्ट ठेवून वरखालीचे अंतर ८० चे १२० केले. भार ४८ वर उतरला, तरी ४५.३ च्या आत बसेना. मग बोल्ट ८.८ ग्रेडचे घ्यायचे ठरले. क्षमता ९०.५, प्रश्न मिटला. पण गिरणीवाल्याच्या साइटवर दोन्ही ग्रेडचे बोल्ट एकाच पिंपात पडलेले असतात आणि उंचावर चढलेला माणूस डोक्यावरचा शिक्का वाचत बसत नाही. हे त्यानेच ओळखले, मी नाही. शेवटी त्याने बोल्टांची चौथी ओळ वाढवली. आठ बोल्ट, वरखाली ८० च. सर्वांत दूरच्या बोल्टवर ४०.५, गुणोत्तर ०.८९. प्रत्येक ब्रॅकेटमागे दोन बोल्ट आणि पोळीएवढा प्लेटचा तुकडा जास्त. खांबाचा हिशेब फिरवणीसह पुन्हा झाला आणि ब्रॅकेटजवळ खांबाला आडवी टाय आली. टाकीच्या गाळ्यापासून ब्रेसिंगच्या गाळ्यापर्यंत अँगलचे आडवे ब्रेसिंग आले, मॉडेलमधला रिजिड डायफ्राम गेला. तो काढल्यावर टाकीचा माथा पूर्वीच्या मॉडेलपेक्षा बराच जास्त हलताना दिसला. खरा तो आधीही तेवढाच हलणार होता.

सातही टिप्पण्या बंद केल्या, पत्रावर सही केली.

दोन दिवसांनी फॅब्रिकेशन शॉपमधून मिस्त्रीचा फोन आला. त्याच्यासमोर सुधारित नकाशा आणि खांब दोन्ही होते. "साहेब, हा चौथ्या ओळीचा बोल्ट कुठं टाकू? तिथं तर तुमच्या नव्या टायची गसेट येऊन बसते. पाना फिरवायला जागाच नाही."

मी नकाशा पुन्हा टेबलावर पसरला. ब्रॅकेट एका पानावर होते, टाय दुसऱ्या. दोन्ही मी तपासली होती, एकावर एक ठेवून नव्हे. टिप्पणी क्रमांक आठ माझ्याच नावाने उघडली आहे.